तो कधी विचारेल? एका स्प्रेडमधले सूट, आकडे आणि काळ

टॅरो वाचणाऱ्याकडे नात्यांचे जे प्रश्न येतात, त्यातले निम्मे तरी ‘कधी’पाशी येऊन थांबतात. तो परत येईल का, हे विचारून झालं की लगेच दुसरा प्रश्न येतो, कधी येईल. उत्तर द्यायला साधन हाताशी असतं. कार्डावर सूट असतो, म्हणजे साध्या पत्त्यांतल्या बदाम-इस्पिकसारखा गट, आकडा असतो, आणि कुठल्याही टॅरो क्लासमध्ये तक्ता शिकवलेला असतो: वाँड्स म्हणजे दिवस, कप्स म्हणजे आठवडे, स्वोर्ड्स म्हणजे महिने, पेंटॅकल्स म्हणजे वर्षं. आकड्याला सुटाने गुणायचं आणि तारीख सांगून मोकळं व्हायचं. हे साधन किती चालतं आणि कुठे अडतं, हे मला एका प्रकरणात फार स्वच्छ दिसलं. ते इथे सविस्तर मांडते. क्लायंटची परवानगी आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

प्रश्न नेमका काय होता

ती २९ वर्षांची, पुण्यात नोकरी करणारी. चार वर्षांचं नातं होतं. मुलगा नाशिकचा, वडिलांचा धंदा सांभाळायला परत गेलेला. भांडण एकाच गोष्टीवरून होत होतं, घरी कधी सांगणार. तो म्हणायचा, धंद्याचं कर्ज जरा उतरू दे. २०२४च्या फेब्रुवारीत तिने फोनवर सांगून टाकलं की आता बास. त्यानंतर दोघांनीही एकमेकांना मेसेज केला नव्हता. इकडे मावशीने एक स्थळ आणलं होतं. मुलगा बंगळुरूला, दिवाळीला घरी येणार, तेव्हा बघण्याचा कार्यक्रम करू असं ठरत होतं.

३ ऑगस्टला, शनिवारी, ती आली आणि म्हणाली, “ताई, दिवाळीच्या आत तो परत येऊन लग्नाचं विचारेल का? आणि कधी, ते सांगा. म्हणजे आईला काय सांगायचं ते मला ठरवता येईल.”

या एका वाक्यात तीन वेगळ्या घटना आहेत. तो आधी संपर्क करेल ही एक. तिला लग्नाचं स्पष्ट विचारेल ही दुसरी. आणि त्याच्या घरचे तिच्या घरी बोलणी करायला येतील ही तिसरी. आपल्याकडे ‘प्रपोजल’ म्हटलं की दुसरी आणि तिसरी सर्रास एक होऊन जातात. मुलाने समुद्रकिनारी विचारलेलं असतं, पण घरी सुपारी फुटेपर्यंत मुलीची आई त्याला मागणी मानत नाही. काळ सांगायचा असेल तर आधी घटना नक्की हवी. नाहीतर तीनपैकी काहीही, कधीही घडलं तरी कार्ड बरोबर ठरतं. त्या दिवशी आम्ही पहिल्या दोन घटनाच घेतल्या. बोलणी दोन घरांवर अवलंबून होती आणि त्यातलं एक घर अजून या विषयात आलंच नव्हतं.

पत्ते पिसण्याआधी काय लिहिलं

माझ्या वहीत प्रत्येक वाचनाआधी काही ओळी लिहिलेल्या असतात. त्या दिवशीच्या अशा होत्या: पाच कार्डांची मांडणी, म्हणजे स्प्रेड. पहिलं ती, दुसरं तो, तिसरं काय अडलंय, चौथं जवळची हालचाल, पाचवं मागणी. काळ फक्त चौथ्या आणि पाचव्या जागेवरून वाचायचा. तक्ता दिवस, आठवडे, महिने, वर्षं या क्रमाचा. चौथ्या कार्डाचा काळ आजपासून मोजायचा. पाचव्याचा काळ अडलेली गोष्ट मोकळी होईल त्या दिवसापासून. मेजर अर्काना किंवा कोर्ट कार्ड आलं तर काळ सांगायचा नाही.

शेवटची अट अनेकांना विचित्र वाटते, म्हणून तिच्याबद्दल थोडं. ७८ कार्डांत २२ मेजर आहेत, ती कुठल्याच सुटात नसतात, आणि १६ कोर्ट, म्हणजे पेज, नाइट, क्वीन आणि किंग. या ३८ कार्डांवर सुटातली क्रमवारी दाखवणारा आकडा नसतो. एक्क्यापासून दहापर्यंतची कार्डं उरतात ४०. म्हणजे काळासाठी ठेवलेल्या एका जागेवर मोजता येईल असं कार्ड येण्याची शक्यता निम्म्यापेक्षा जेमतेम जास्त. उरलेल्या वेळी वाचक काय करतो? दुसरं कार्ड काढतो, नाहीतर तळाचं बघतो, नाहीतर मेजरच्या आकड्यालाच महिने म्हणतो. काढत राहिलं की कधी ना कधी आकडा येणारच. पण तो आकडा प्रश्नाला मिळालेलं उत्तर नसतो, वाचकाच्या हट्टाला मिळालेलं असतो. त्यापेक्षा ‘या वाचनात काळ आला नाही’ असं सांगावं. ऐकणाऱ्यालाही ते पटतं, फक्त आधी सांगितलेलं असलं पाहिजे.

स्प्रेड

डेक रायडर-वेट-स्मिथ, १९०९ साली लंडनला निघालेला, पामेला कोलमन स्मिथ यांनी चितारलेला. तिने पत्ते पिसले, डाव्या हाताने गड्डी कापली. कार्डं अशी आली: तिच्या जागी एट ऑफ स्वोर्ड्स, त्याच्या जागी सेव्हन ऑफ पेंटॅकल्स, अडलेल्या जागी टू ऑफ स्वोर्ड्स, जवळच्या हालचालीला सिक्स ऑफ कप्स आणि मागणीच्या जागी फोर ऑफ वाँड्स. एकही उलटं नव्हतं, एकही मेजर नव्हतं.

फोर ऑफ वाँड्स बघून तिने तोंडावर हात घेतला. चित्रच तसं आहे. चार उभ्या काठ्या, त्यावर फुलाफळांची माळ, मागे दोन जणी हातात पुष्पगुच्छ उंचावून येताहेत, पलीकडे वाडा. नात्याच्या प्रश्नात या कार्डाला लग्नाचं कार्ड म्हणतात आणि आमच्याकडच्या कुणालाही ते बघून मांडवच आठवतो. तिचा लगेच प्रश्न आला, “चार म्हणजे चार दिवस?”

याच ठिकाणी तक्ता आणि प्रश्न यांची जुळणी तपासावी लागते. माझ्या तक्त्याने वाँड्स म्हणजे दिवस. म्हणून चार दिवस, पण आजपासून नव्हे, अडलेलं सुटल्यापासून. दुसरा एक तक्ताही तितकाच प्रचलित आहे. त्यात स्वोर्ड्स वाऱ्याच्या तत्त्वाचे म्हणून सगळ्यात वेगवान, म्हणजे दिवस. वाँड्स आठवडे, कप्स महिने, पेंटॅकल्स वर्षं. त्या तक्त्याने चार आठवडे. तिसरी पद्धत राशींची. १८८८ साली लंडनमध्ये स्थापन झालेल्या गोल्डन डॉन या मंडळाने दोन ते दहा आकड्यांच्या ३६ कार्डांना राशिचक्राचे ३६ भाग दिले, प्रत्येकी १० अंशांचे. त्यात फोर ऑफ वाँड्सला मेषेचा शेवटचा भाग आणि शुक्र आहे. सूर्य तिथे साधारण ११ ते २० एप्रिलला असतो. म्हणजे एकाच कार्डाचे चार दिवस, चार आठवडे किंवा आठ महिन्यांनंतरचा एप्रिल.

आणि आपल्याकडे यात आणखी एक पेच आहे. गोल्डन डॉनच्या तारखा सायन, म्हणजे ऋतुचक्रावरून मोजलेल्या राशींच्या आहेत. आपलं पंचांग निरयन, म्हणजे ताऱ्यांवरून मोजणारं. दोन्हींमध्ये सध्या सुमारे २४ अंशांचा फरक आहे, म्हणजे दिवसांतही जवळपास तेवढाच. निरयन मेष संक्रांत १४ एप्रिलच्या आसपास येते, म्हणून मेषेचा शेवटचा भाग मेच्या पहिल्या पंधरवड्यात सरकतो. मराठी वाचक टॅरोची तारीख इंग्रजी तक्त्यातून उचलतात आणि क्लायंटची रास मात्र पत्रिकेवरची घेतात. असं मिसळलं की दोन वेगळ्या पट्ट्यांनी एकच कापड मोजल्यासारखं होतं. कुठली पट्टी खरी यावर वाद घालता येईल, पण एका वाचनात एकच पट्टी चालवायची यावर वाद नको.

आकडा तारखेआधी काय सांगतो

तक्ते बाजूला ठेवून मी आधी आकडे सुटाच्या वाटचालीत बघते. प्रत्येक सुटाचा प्रवास एक्क्यापासून दहापर्यंत जातो. एक्का म्हणजे सुरुवात, दोन म्हणजे समोरासमोर उभं राहणं, पाच म्हणजे मोडतोड, सहा म्हणजे त्यानंतरचा ओलावा, सात म्हणजे थांबून हिशेब करणं, आठ म्हणजे शेवटाकडे वळलेली गती, दहा म्हणजे त्या सुटाचा भार पूर्ण. या दृष्टीने काळ म्हणजे कॅलेंडरवरची जागा नसते. गोष्ट किती पुढे गेलीय आणि किती बाकी आहे, ते त्यातून कळतं.

आता स्प्रेड बघा. ती स्वोर्ड्सच्या आठवर आहे. विचार करून करून ती त्या सुटाच्या शेवटाजवळ आली आहे. थकली आहे, बांधलेली आहे, पण चित्र नीट बघितलं तर दोर सैल आहेत आणि पाय मोकळे आहेत. तो पेंटॅकल्सच्या सातवर. कुदळीला टेकून झुडपावर लागलेली नाणी बघतोय. पीक आलंय, काढणी बाकी आहे. कर्ज, धंदा, वडील हे सगळं त्याच्या डोळ्यांसमोर आहे आणि अजून तीन पायऱ्या शिल्लक आहेत. आणि मधे अडलेल्या जागी स्वोर्ड्सचे दोन.

मला सगळ्यात महत्त्वाचं वाटलं ते हे अंतर. ती आठवर पोचली आहे, पण तिची गोष्ट दोनवरच उभी आहे, आणि सूटही तोच आहे. टू ऑफ स्वोर्ड्समध्ये बाईच्या डोळ्यांवर पट्टी आहे, छातीशी दोन तलवारी आडव्या धरलेल्या, पाठीमागे पाणी, वर चंद्रकोर. एट ऑफ स्वोर्ड्समध्येही डोळ्यांवर पट्टी. आकड्यांच्या ४० कार्डांत पट्टी बांधलेली बाई याच दोन ठिकाणी दिसते आणि दोन्ही इथे आली. मी तिला विचारलं, “फेब्रुवारीत तू बास म्हणालीस. पण तुला काय हवंय, ते त्याला नेमकं सांगितलं होतंस का?” ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, “घरी सांग एवढंच म्हणायचे. कधीपर्यंत, ते नाही. मला भीती वाटायची की तारीख दिली तर तो नाहीच म्हणेल.”

म्हणजे निर्णयाची सुरुवातच झालेली नव्हती. जिने चार वर्षं वाट बघितली तिला वाटत होतं की गोष्ट टोकाला आली आहे. आकडे सांगत होते की ती दारातच आहे. सूट आणि आकडा काळाबद्दल सांगू शकतात ते मुख्यतः हे, आणि माझ्या मते हे तारखेपेक्षा जास्त उपयोगाचं आहे. कारण यातून करायला काहीतरी मिळतं.

सुटांची मोजणीही बघितली. पाचात दोन स्वोर्ड्स, बाकी एकेक. मेजर एकही नाही. परंपरेने याचा अर्थ असा घेतात की विषय माणसांच्या हातातला आहे, कुठल्या मोठ्या वळणाचा नाही. काळाच्या बाबतीत त्याचा परिणाम असा की कुणी काही केलं तर काळ आकसतो, नाही केलं तर ताणतो. अशा स्प्रेडवरून कॅलेंडरची तारीख सांगणं सगळ्यात धोक्याचं. तारीख ऐकून माणूस वाट बघत बसतो, आणि इथे बसून राहणं हाच तर अडथळा होता.

मी तिला काय सांगितलं

संपर्कासाठी सिक्स ऑफ कप्स, कप्स म्हणजे आठवडे, म्हणून सहा आठवड्यांची खिडकी, ३ ऑगस्ट ते १४ सप्टेंबर. हे कार्ड जुन्या ओढीचं आहे. अंगणात एक मुलगा छोट्या मुलीला फुलांनी भरलेला कप देतोय. म्हणून जे येईल ते आठवणीच्या रूपाने येईल, मागणीच्या रूपाने नाही, हेही सांगितलं. मागणीसाठी: आधी दोन तलवारी खाली ठेवल्या पाहिजेत. ती बोलेल त्या दिवसापासून चार दिवस अशी नोंद. आणि सोबत हेही की मी या चार दिवसांवर फार भार टाकत नाही. त्यातून ‘एकदा सुटलं की रेंगाळणार नाही’ एवढंच घ्यावं. वहीत चार दिवसच लिहिले, कारण तक्ता तसा ठरला होता.

स्थळाबद्दल तिने विचारलं, “तोवर आईला थांबवू?” यावर कार्ड काढायला मी नकार दिला. दुसऱ्या माणसाच्या मर्जीवर टांगलेला काळ स्वतःच्या निर्णयाची मुदत म्हणून वापरू नये. तिची मुदत तिनेच ठरवली, दसरा. दसऱ्यापर्यंत तो बोलला नाही तर आईला सगळं खरं सांगायचं आणि पुढचं त्या दोघींनी बघायचं.

पुढे काय घडलं

१० सप्टेंबरला गौरी आवाहन होतं. त्या संध्याकाळी त्याचा मेसेज आला. घरच्या गौरींचा फोटो, खाली एक ओळ, गेल्या वर्षी तू पाठवलेली शेवंतीची वेणी आठवली. जुनी ओढ, आठवण, फुलं, आणि सहा आठवड्यांच्या आत. तिने स्क्रीनशॉट पाठवला, सोबत नुसती उद्गारचिन्हं.

माझ्या वहीत ‘हो’ लिहिलं. पण त्याच ओळीत दुसरी नोंदही केली, आणि ती मी प्रत्येक क्लायंटला वाचून दाखवेन. त्या सहा आठवड्यांत राखी होती, गोकुळाष्टमी होती, गणपती होते, गौरी होत्या. महाराष्ट्रात तुटलेल्या नात्यातला पहिला मेसेज यायला ऑगस्ट-सप्टेंबरइतका सोपा काळ दुसरा नाही. घरात पाहुणे असतात, फोटो निघतात, शुभेच्छांच्या आडून बोलता येतं. कार्ड न काढताही मी ‘गणपतीत मेसेज येईल’ असं म्हटलं असतं तर ते बरोबर येण्याची शक्यता चांगली होती. म्हणून या ‘हो’चं वजन कमी. मेसेजचं रूप जुळलं, याला मी काळापेक्षा जास्त मान देते. त्यातही फुलांचा उल्लेख गौरीच्या फोटोखाली येणं काही अशक्य नव्हे.

२१ सप्टेंबरला, शनिवारी, दोघं भेटले. पितृपक्ष सुरू झाला होता. ती म्हणाली, “मी लग्नाचं काही ठरवायला नाही, फक्त बोलायला भेटतेय.” तिने पहिल्यांदा तारीख घालून सांगितलं: दसऱ्यापर्यंत घरी बोल, नाहीतर मी आईला होकार-नकाराची मोकळीक देते. दोन तलवारी खाली आल्या, त्या या दिवशी. माझ्या वहीप्रमाणे मोजणी इथून.

चार दिवस, म्हणजे २५ सप्टेंबर. काहीही नाही. दुसऱ्या तक्त्याने चार आठवडे, म्हणजे १९ ऑक्टोबर. तेव्हाही नाही. १२ ऑक्टोबरला दसरा झाला. सोनं द्यायला म्हणून त्याचा फोन आला, पण घरी बोललो नाही, दिवाळीत बोलतो म्हणाला. तिने ठरल्याप्रमाणे केलं. कोजागरीच्या रात्री आईला सगळं सांगितलं. आई आधी चिडली, मग मावशीला फोन करून बघण्याचा कार्यक्रम पुढे ढकलला.

याच आठवड्यात तिचा मला फोन आला की पुन्हा कार्डं काढू, नवीन काळ बघू. मी काढली नाहीत. पहिल्या स्प्रेडची एक खिडकी चुकली म्हणून दुसरा स्प्रेड काढला की खिडक्या वाढतात, माहिती वाढत नाही. तीन वाचनं झाली की त्यातलं एखादं जुळतंच आणि बाकीची दोन आपोआप विसरली जातात.

२ नोव्हेंबरला पाडवा होता. दुकानातलं वहीपूजन उरकल्यावर त्याने वडिलांना सांगितलं. दुसऱ्या दिवशी भाऊबीजेला तो पुण्यात बहिणीकडे आला आणि संध्याकाळी त्याने तिला लग्नाचं विचारलं. १ डिसेंबरला, रविवारी, त्याचे आईवडील तिच्या घरी आले.

सिक्स ऑफ कप्स तीनदा कसं जुळतं

आता या प्रकरणातला खरा शिकण्यासारखा भाग. ३ नोव्हेंबरची तारीख कळल्यावर माझ्या एका मैत्रिणीने, तीही वाचन करते, लगेच सांगितलं, “अगं, सिक्स ऑफ कप्स! वृश्चिकेचा मधला भाग, सूर्य. २ ते १२ नोव्हेंबर. बरोबर त्यातच विचारलं त्याने.” तिचं गणित बरोबर आहे. गोल्डन डॉनच्या यादीत सिक्स ऑफ कप्सला तोच काळ आहे. आणि पुढे बघा. निरयन पट्टी लावली तर वृश्चिक संक्रांत १६ नोव्हेंबरला, म्हणून मधला भाग साधारण २६ नोव्हेंबर ते ५ डिसेंबर. १ डिसेंबरची बोलणीही त्यात बसते. म्हणजे एका कार्डाने सहा आठवड्यांत मेसेज दिला, सायन मोजणीने मागणी दिली, निरयन मोजणीने बोलणी दिली. ऐकणाऱ्याला हे थक्क करणारं वाटतं, आणि अशा गोष्टीच पुढे सांगितल्या जातात.

पण आधी काय ठरलं होतं ते वहीत आहे. सिक्स ऑफ कप्सवरून फक्त संपर्काचा काळ वाचायचा होता, आठवड्यांच्या तक्त्याने. मागणीसाठी फोर ऑफ वाँड्स होतं, आणि तिथली नोंद ‘नाही’ आहे. घटना आधी आली आणि मग तिला बसेल अशी मोजणी शोधली, तर ती सापडतेच. का, तेही मोजून बघता येतं. पाच कार्डं, तीन पद्धती, म्हणजे १५ खिडक्या. प्रत्येकीला १० दिवसांची रुंदी दिली तर, एकमेकींवर न चढल्यास, वर्षातले १५० दिवस झाकले जातात. मोजणी आजपासून की घटनेपासून, सायन की निरयन, ही मोकळीक आणखी घेतली की निम्म्याहून जास्त वर्ष हातात येतं. मग तीन घटनांपैकी एखादी तरी कुठल्यातरी खिडकीत पडली नाही, तरच नवल.

मैत्रीण यावर म्हणाली की कार्ड स्वतःहून कुठली पद्धत वापरायची ते सुचवतं, ती अंतःप्रेरणेची गोष्ट आहे. मला अंतःप्रेरणा मान्य आहे, मी तिच्यावरच वाचते. पण ती ३ ऑगस्टला सुचली पाहिजे. ३ नोव्हेंबरनंतर सुचलेली पद्धत क्लायंटच्या कामाची नाही. तिला निर्णय घ्यायचा होता तो ऑक्टोबरमध्ये.

मग काळ कुणी ठरवला

घडलेल्या तारखा एका रांगेत ठेवल्या तर त्यांचा धागा डेकमध्ये नाही, घरातल्या कॅलेंडरमध्ये आहे. मेसेज गौरींना. भेट लगेच नंतर, पण पितृपक्ष असल्यामुळे लग्नाचं काही ठरवायचं नाही असं तिने सांगितलेलं. दसऱ्याला शब्द. पाडव्याला वडिलांशी बोलणं, कारण व्यापारी घरात त्या दिवशी मागच्या वर्षाचा हिशेब मिटलेला असतो आणि वडील प्रसन्न असतात. बोलणी १ डिसेंबरला, कारण १२ नोव्हेंबरच्या कार्तिकी एकादशीला चातुर्मास संपला, तुळशीचं लग्न लागलं, आणि त्यानंतरच घरोघरी लग्नाचे विषय मोकळे होतात. हे कॅलेंडर ३ ऑगस्टलाही माझ्या भिंतीवर होतं.

सेव्हन ऑफ पेंटॅकल्स मात्र मी आज पुन्हा बघते तेव्हा ते मला फार नेमकं वाटतं. त्याच्याकडून उशीर होणार आणि तो पैशाच्या, पिकाच्या, हिशेबाच्या कारणाने होणार, हे त्या कार्डात होतं. पण त्याला मी काळाची जागा दिली नव्हती. दिली असती आणि तक्ता लावला असता तर उत्तर आलं असतं सात वर्षं! पेंटॅकल्सचा संथपणा खरा होता, त्याचं ‘वर्षं’ हे भाषांतर निरुपयोगी होतं. इतर प्रकरणांतही मी हेच बघत आले आहे. पेंटॅकल्स आले की विषय पैसा, घर, नोकरी, वडीलधारी माणसं यांच्यात अडकलेला असतो आणि त्यांच्या गतीने सुटतो. वाँड्स आले की एखाद्याच्या उसळीने घटना घडते. कप्समध्ये मन वितळण्याची वाट असते. स्वोर्ड्समध्ये एक बोलणं बाकी असतं, ते झालं की काळ सुटतो. सुटाचा हा स्वभाव टिकतो. त्याला दिवस-आठवड्यांचं माप लावलं की डळमळतो.

या प्रकरणानंतर माझ्या वहीतल्या पद्धतीत दोन बदल झाले. कार्डं काढण्याआधी मी क्लायंटकडून पुढच्या सहा महिन्यांचं घरचं कॅलेंडर विचारून घेते: सण, परीक्षा, बदली, हप्ते, कुणाचं वर्षश्राद्ध, कुणाची सुट्टी. खिडकी लिहिताना शेजारी लिहिते की या काळात कार्डाविनाही काय घडणं साहजिक आहे. एखादी खिडकी अशा साहजिक काळावर पडली तर तिचं ‘हो’ अर्ध्या वजनाचं धरते. आणि मागणीसाठी काळाचं कार्ड मी आता ठेवत नाही. त्या जागी विचारते, मागणीआधी कुठली गोष्ट व्हायला हवी. तिथे येणाऱ्या कार्डाचा सूट सांगतो ती गोष्ट कुणाच्या हातात आहे, आकडा सांगतो ती किती झाली आहे. संपर्काची खिडकी अजून देते, जास्तीत जास्त एक, आणि तीही तक्ता आधी लिहून.

तिला डिसेंबरात मी वहीतली ती दोन पानं दाखवली. तिने ‘नाही’च्या ओळीवर बोट ठेवलं आणि म्हणाली, “हे चार दिवस मला नीट आठवतात. पंचवीस तारखेला मी फोन उशाशी घेऊन झोपले होते.” एवढा भार टाकू नकोस असं सांगूनही आकडा तिच्या डोक्यात राहिला होता. म्हणून पुढच्या वाचनांत, मला स्वतःला ज्या आकड्यावर भार टाकायचा नसतो, तो मी क्लायंटसमोर उच्चारत नाही. वहीत लिहिते, पान दुमडते, आणि मुदत उलटल्यावर त्यांच्यासमोर उघडते.